भाजणी संपायच्या आत हिशेब मांडला, त्याची गोष्ट

एमबीए करत असताना कोथरूडमधल्या मावशीच्या भाजणी-मेतकुटाच्या दुकानासाठी मी ब्रँड ट्रॅकिंग सुरू केलं, म्हणजे दुकानाचं नाव किती जणांना आठवतं आणि किती जण परत येतात, हे ठरावीक काळाने मोजायला लागलो. बजेट असं काही नव्हतंच. एक गूगल शीट आणि शनिवारची सकाळ, एवढंच हाताशी. या कामात नवीन असाल तर माझ्या चुका आधी वाचा.

पहिली चूक पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मोजणीत झाली. बिल करताना मोबाइल नंबर घेत होतोच. (यूपीआयवर नाव दिसतं, पण नंबर दर वेळी मिळत नाही. तो विचारूनच घ्यावा लागतो.) जानेवारी 2026 च्या शेवटी हिशेब मांडला. जुलैत पहिल्यांदा आलेल्या 64 जणांपैकी 28 जण परत आले होते, डिसेंबरातल्या 58 पैकी फक्त 5. मी गंभीर चेहऱ्याने मावशीला सांगितलं, लोक आपल्याला विसरायला लागलेत. ती पुडे सील करत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, डिसेंबरात नेलेली भाजणी संपली तरी का अजून?"

चूक नेमकी तिथेच होती. जुलैच्या लोकांना परत यायला सहा महिने मिळाले होते, डिसेंबरच्यांना जेमतेम एक. सगळ्यांना सारखीच मुदत द्यायला हवी, आणि ती मुदत माल घरात किती टिकतो त्यावरून ठरवायची. अर्धा किलोचा पुडा आमच्या गिऱ्हाइकांना महिना-दीड महिना पुरतो, म्हणून आम्ही पहिल्या खरेदीपासून 90 दिवस धरले. शीटमध्ये A मध्ये नंबर, B मध्ये तारीख, मग C2 आणि D2 मध्ये अनुक्रमे:

```
=MINIFS(B:B,A:A,A2)
=COUNTIFS(A:A,A2,B:B,">"&C2,B:B,"<="&C2+90)
```

D मध्ये शून्याहून मोठा आकडा आला की माणूस परत आला. काही घ्यायचं राहिलं म्हणून त्याच दिवशी दुसरं बिल झालं, तर ते यात धरलं जात नाही. एक नंबर मात्र एकदाच मोजा. ज्यांचे 90 दिवस भरले नाहीत, त्यांना सरळ बाजूला ठेवा.

नव्या हिशेबात जुलैचे 64 पैकी 19, सप्टेंबरचे 55 पैकी 17, म्हणजे दोन्ही वेळा साधारण 30 टक्के. ऑक्टोबरात मात्र 141 पैकी 24, म्हणजे 17 टक्के. दिवाळी होती. गल्ला सगळ्यात मोठा त्या महिन्यात, आणि परत येणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात कमी. त्यातले बरेच जण भेट द्यायला डबे नेणारे होते. म्हणून दिवाळीची तुलना आता पुढच्या दिवाळीशीच करणार.

सर्व्हेची गंमत वेगळीच. दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारण्यात अर्थ नव्हता, तिथले सगळे आपल्याला ओळखतातच. म्हणून भाजी मंडईबाहेर उभा राहिलो. पहिला प्रश्न: "भाजणी विकत आणायची म्हटलं की कोणती नावं आठवतात?" आपलं नाव आधी उच्चारायचंच नाही. यादी वाचून "यातलं कोणतं ऐकलंय?" हे त्यानंतर. पहिल्या फेरीत तर माझ्या खांद्यावर दुकानाचीच पिशवी होती! एका काकूंनी ती वाचून नाव सांगितलं तेव्हा लक्षात आलं. ती सगळी फेरी रद्द केली.

नंतर जूनमध्ये 80 पैकी 19 जणांनी आमचं नाव घेतलं, नोव्हेंबरात 80 पैकी 25 जणांनी. 24 वरून 31 टक्के, पण पेढे वाटू नका. 80 माणसांत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. जागा, वार, प्रश्नांचा क्रम तोच ठेवून आणखी दोन-तीन फेऱ्यांत आकडा वरच राहिला, तर मानू.

गूगल ट्रेंड्सने आम्हाला चांगलंच फसवलं. ब्रँडचं नाव देवीचं. सप्टेंबरच्या शेवटी आलेख चढला आणि मी खूश. ते नवरात्र होतं! ट्रेंड्स प्रत्यक्ष सर्चची संख्या सांगतही नाही, निवडलेल्या काळातल्या शिखराला 100 धरून बाकीचं मोजतं. नावापुढे "भाजणी" जोडलं तर सर्च इतके कमी की आलेखच उमटेना. छोट्या दुकानाला गूगल बिझनेस प्रोफाइल जास्त कामाचं, कारण कोणते शब्द टाकून लोक आपल्या प्रोफाइलपर्यंत आले ते त्यात महिन्यागणिक दिसतं. आम्ही त्यातले नावासकटचे सर्च वेगळे काढून फक्त तेवढेच लिहून ठेवतो. अगदी कमी वेळा झालेल्या सर्चचा नेमका आकडा तिथेही मिळत नाही.

दिवाळीच्या डब्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. नंबर नेणाऱ्याचा मिळतो, खातो दुसराच. यंदा प्रत्येक डब्यात दुकानाचा पत्ता असलेली चिठ्ठी घालायची, आणि ती घेऊन कुणी आलं की शीटमध्ये त्याच्यापुढे "डबा" लिहायचं, असं ठरलंय. चिठ्ठी पिवळी हवी, म्हणजे डब्यात उठून दिसेल, ही मावशीची अट.