करासहित बिलातून मूळ रक्कम काढताना या चुका टाळा

एमआरपीवर माल विकणाऱ्या दुकानदाराला महिनाअखेरीला एकच आकडा समोर दिसतो, तो म्हणजे गल्ल्यात आलेली एकूण रक्कम. विवरणपत्रात मात्र करपात्र मूल्य वेगळं आणि जीएसटी वेगळा, तोही दरनिहाय भरायचा असतो. म्हणजे आकडेमोड उलट्या बाजूने करावी लागते. सूत्र एका ओळीचं आहे, तरीही पैसे खिशातून जातात ते इथेच.

एकूण रकमेवर टक्के काढून वजा करणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बिल ११८० रुपयांचं आहे, दर १८ टक्के आहे, म्हणून कॅल्क्युलेटरवर ११८० वजा १८ टक्के केलं की उत्तर ९६७.६० येतं. खरं उत्तर १००० आहे. कर लागला तो १००० रुपयांवर, ११८० वर नाही. ११८० चे १८ टक्के काढले की करावरही कर काढल्यासारखं होतं.

म्हणून वजाबाकी नाही, भागाकार करायचा:

```
मूळ रक्कम = एकूण × 100 / (100 + दर)
कर        = एकूण × दर / (100 + दर)
```

सीजीएसटी नियमांमधल्या नियम ३५ मध्ये करासहित किमतीतून कर काढायची हीच रीत दिली आहे. तोंडी हिशोबाला एक सोपी गोष्ट लक्षात ठेवता येते. ५ टक्क्यांच्या मालात एकूण रकमेला २१ ने भागलं की थेट कर मिळतो. १८ टक्क्यांच्या मालात कर म्हणजे एकूण रकमेचे साधारण १५.२५ टक्के. करासहित रकमेच्या नेमके १८ टक्के कर म्हणून लिहिलेले दिसले, तर तो हिशोब चुकलाच आहे असं समजा.

ही चूक वर्षभर चालली तर किती महागात पडते ते पाहा. १८ टक्क्यांच्या मालाची करासहित विक्री महिन्याला २,३६,००० रुपये असेल तर कर ३६,००० होतो. वजाबाकीच्या रीतीने तो ४२,४८० निघतो. ग्राहकाकडून जास्तीचा एक पैसाही आलेला नसतो, म्हणजे ६,४८० रुपये दर महिन्याला दुकानदाराच्या नफ्यातून जातात.

एक्सेलमध्ये याच सूत्राचा वेगळा घोटाळा होतो. दराचा रकाना टक्केवारीच्या फॉरमॅटमध्ये असेल तर तिथे 18% दिसतं, पण आत साठवलेली किंमत 0.18 असते. मग `=A2*100/(100+B2)` हे सूत्र ११८० चं उत्तर ११७७.८८ देतं. मूळ रक्कम एकूण रकमेच्या अगदी जवळ आलेली दिसली की आधी हा रकाना तपासा. अशा रकान्यासाठी `=ROUND(A2/(1+B2),2)` वापरा.

सीजीएसटी आणि एसजीएसटी एकामागोमाग काढणं

राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १८ टक्क्यांचे ९ आणि ९ असे दोन भाग होतात. काही जण आधी १.०९ ने भागतात आणि आलेल्या उत्तराला पुन्हा १.०९ ने. ११८० चं उत्तर मग ९९३.१८ येतं. दोन्ही कर एकाच मूळ रकमेवर लागतात, एकावर दुसरा चढत नाही. त्यामुळे दरांची आधी बेरीज करायची, १.१८ ने एकदाच भागायचं, आणि मग मूळ रकमेचे ९-९ टक्के काढायचे.

इथेच पैशांचा गुंता सुरू होतो. ९९९ रुपयांची वस्तू घ्या, दर १८ टक्के. ९९९ भागिले १.१८ म्हणजे ८४६.६१. त्याचे ९ टक्के ७६.१९. दोनदा धरून बेरीज ९९८.९९ येते, एक पैसा कमी. मूळ रक्कम ८४६.६२ धरून पाहिली तर प्रत्येक कर ७६.२० होतो आणि बेरीज थेट ९९९.०२ वर जाते. म्हणजे दोन दशांशांत ९९९ ला तंतोतंत जुळणारी मूळ रक्कमच नाही. पैसा जुळवायला सीजीएसटी ७६.१९ आणि एसजीएसटी ७६.२० असं कोणी लिहितं, ते करू नका. दोन्हींचा दर एकच आणि ज्या रकमेवर लागतात तीही एकच, तेव्हा दोन्ही आकडे सारखेच राहिले पाहिजेत. उरलेला पैसा ‘राउंड ऑफ’ या ओळीत टाका, ती ओळ त्यासाठीच असते.

एकाच वस्तूचे अनेक नग असतील तर एका नगाची मूळ किंमत काढून, ती पैशात गोल करून, मग नगांनी गुणू नका. ९९ रुपयांचे २४ नग त्या रीतीने २०१३.६० होतात. २३७६ ला एकदम १.१८ ने भागलं तर २०१३.५६. चार पैसे एका ओळीत किरकोळ वाटतात, पण शंभर ओळींच्या बिलात तेच फरक शोधत बसावं लागतं.

वेगवेगळ्या दरांच्या बिलाला एकच दर लावणं

सगळ्यात मोठे फरक इथे पडतात, आणि सूट असेल तर चूक सहज दिसतही नाही. एक बिल बारकाईने पाहू. सगळ्या किमती करासहित आहेत:

- कपडे धुण्याची पावडर, १८ टक्के: ५९० रुपये
- अंगाचा साबण आणि टूथपेस्ट, ५ टक्के: ८४० रुपये
- सुटा तांदूळ, कर नाही: ६०० रुपये

बेरीज २०३०. खाली १० टक्के सूट २०३ रुपये, देणं १८२७.

१८२७ ला सरसकट १.१८ ने भागलं तर कर २७८.६९ निघतो. तो खऱ्या कराच्या दुपटीहूनही जास्त आहे, कारण तांदळावर कर नाही आणि साबणावर ५ टक्केच आहे. ही चूक निदान आकड्याच्या आकारावरून ओळखू येते.

दुसरी चूक लपून राहते. सुटीआधीच्या किमतींतून कर काढला तर पावडरीवर ९० आणि साबण-टूथपेस्टवर ४०, एकूण १३० येतो. करपूर्व रक्कम ५०० अधिक ८०० अधिक ६०० म्हणजे १९००. त्यातून २०३ सूट वजा केली की १६९७, त्यात १३० मिळवले की बरोबर १८२७. बेरीज जुळली म्हणून हिशोब बरोबर वाटतो, पण करच चुकलेला आहे. बिलावरच दाखवलेली सूट करपात्र मूल्यातून वजा होते, म्हणजे कर सुटीनंतरच्या रकमेवर लागायला हवा.

बरोबर रीत अशी: आधी सूट प्रत्येक गटावर त्याच्या रकमेच्या प्रमाणात वाटा, मग भागाकार करा. १० टक्के काढल्यावर पावडर ५३१, साबण-टूथपेस्ट ७५६ आणि तांदूळ ५४० राहतो. ५३१ ला १.१८ ने भागलं की ४५०, कर ८१. ७५६ ला १.०५ ने भागलं की ७२०, कर ३६. तांदूळ ५४० तसाच. एकूण कर ११७.

म्हणून ताळा नुसत्या शेवटच्या बेरजेचा करून भागत नाही. प्रत्येक गटाची मूळ रक्कम घ्या, तिच्यावर त्या गटाचा दर पुन्हा लावा आणि तेवढाच कर येतो का ते पाहा. वरच्या चुकीच्या हिशोबात सूट गटांना वाटलेलीच नाही, त्यामुळे असा ताळा तिथे बसूच शकत नाही.

दोन गोष्टी इथे गफलत करतात. गिफ्ट व्हाउचर देऊन बिलाचे काही पैसे भागवले असतील तर ती सूट नाही, पैसे देण्याची एक पद्धत आहे. तेव्हा भागाकार पूर्ण किमतीचाच करायचा. आणि वेगवेगळ्या दरांच्या वस्तू एकाच किमतीच्या गिफ्ट पॅकमध्ये विकल्या असतील, तर सहसा त्यांतला सर्वांत जास्त दर संपूर्ण पॅकला लागतो. अशा वेळी गट पाडायचे नाहीत.

जुन्या बिलाला आजचा दर लावणं

२२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच वस्तूंचे दर बदलले. टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आली. ऑगस्ट २०२५ चं ११८ रुपयांचं टूथपेस्टचं बिल आजच्या दराने उलगडलं तर मूळ रक्कम ११२.३८ येते, खरी १०० आहे. परत आलेल्या जुन्या मालाची क्रेडिट नोट करतानाही मूळ बिलावरचाच दर घ्यायचा. कॅल्क्युलेटरवर जीएसटीची तयार बटणं असतील तर त्यांत कोणते दर भरलेले आहेत तेही एकदा बघून घ्या.

बँकेत आलेल्या रकमेला १.१८ ने भागणं

सेवा देणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते. फी ५०,००० आणि १८ टक्के जीएसटी ९,००० असं ५९,००० चं बिल दिलं. समोरच्याने १० टक्के टीडीएस कापला. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असल्यामुळे तो कापला जातो ५०,००० वर, म्हणजे ५,०००. खात्यात ५४,००० आले. बिल हाताशी नाही म्हणून ५४,००० ला १.१८ ने भागलं तर ४५,७६२.७१ येतं, आणि विक्री चार हजारांहून अधिक कमी दाखवली जाते.

इथे शंभरात १८ मिळवून १० वजा झालेले आहेत, म्हणून १.०८ ने भागायचं. ५४,००० भागिले १.०८ म्हणजे नेमके ५०,०००. टीडीएसचा दर २ टक्के असेल तर भाजक १.१६. बँकेतली रक्कम भाजकाने भागून पूर्ण रुपयात आली नाही, तर टीडीएस जीएसटीसकट रकमेवर कापला गेला असण्याची शक्यता तपासा. ५९,००० वर १० टक्के कापले तर हातात ५३,१०० येतात.

ज्या बिलात कर नाही त्यातून कर काढणं

बिलावर ‘बिल ऑफ सप्लाय’ लिहिलं असेल किंवा विक्रेता कंपोझिशन योजनेत असेल, तर त्याला ग्राहकाकडून कर घेण्याची परवानगीच नसते. त्याच्या ११८० च्या बिलात कर १८० नाही, शून्य आहे. पूर्ण ११८० ही खरेदीची किंमत म्हणून वहीत जाते.

नोंदणीकृत विक्रेत्याच्या बिलावरही कराचा आकडा छापलेला नसेल, तर भागाकार करून काढलेल्या आकड्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. त्यासाठी आपला जीएसटीआयएन असलेलं टॅक्स इनव्हॉइस हवं, आणि ते जीएसटीआर-२बी मध्ये दिसायला हवं. तिथला कर आणि आपण काढलेला कर यांत पैशांपेक्षा जास्त फरक दिसला, तर पुन्हा भागाकार करण्याआधी विक्रेत्याकडून दरनिहाय तपशील मागून घ्या.