वॉक सायकल: पाय घसरतो, गुडघा उडतो, अंग तरंगतं – या चुका टाळा

वॉक सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवायची दोन पावलांची चाल, बिघडली की बहुतेकजण आधी हातांना हात घालतात. हात जरा जास्त झुलवून पाहतात, डोकं हलवतात, केसांना लचक देतात. दोष मात्र बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असतो: जमिनीवर टेकलेल्या पायात आणि खुब्याच्या उंचीत. ही दोन गणितं बसेपर्यंत हात काढूच नयेत. नुसते दोन पाय आणि खुब्याचा एक ठिपका एवढ्यावर चाल पटली पाहिजे.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. बाजूने दिसणारं पात्र, जागच्या जागी चालणारं, तोंड उजवीकडे. सेकंदाला २४ फ्रेम, पण चित्रं ऑन टूज, म्हणजे प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकतं. एका पावलाला १६ फ्रेम. कॉन्टॅक्ट, म्हणजे पुढचा पाय जमिनीला लागतो ती पोझ, १ वर; डाउन, म्हणजे शरीर सर्वांत खाली, ५ वर; पासिंग, म्हणजे हवेतला पाय टेकलेल्या पायाजवळून पुढे जातो ती, ९ वर; अप, म्हणजे शरीर सर्वांत वर, १३ वर आणि दुसऱ्या पायाचा कॉन्टॅक्ट १७ वर. अशी मांडणी केली की दर दोन पोझच्या मध्ये बरोबर एक इनबिटवीन, म्हणजे मधलं चित्र, येतं: ३, ७, ११ आणि १५. नेहमीची १२ फ्रेमची चाल ऑन टूज करायला गेलात तर डाउन ४ वर पडतो आणि ४ वर चित्रच नसतं. मग तो ३ किंवा ५ वर ढकलावा लागतो आणि चालीचा ठेका नकळत बदलतो. १२ ची चाल हवीच असेल तर ती ऑन वन्स, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र, अशी करावी. शिकताना १६ सोपी.

पायाची लांबी खुब्यापासून घोट्यापर्यंत ३०० पिक्सेल धरू, मांडी १५० आणि नडगी १५०. पाऊल २४० पिक्सेलचं.

टेकलेला पाय घसरतो

जागच्या जागी चालणाऱ्या पात्रात शरीर स्थिर असतं आणि जमीन मागे सरकते. म्हणून टेकलेला पाय जमिनीच्याच वेगाने, प्रत्येक चित्रात सारख्याच अंतराने मागे जायला हवा. २४० पिक्सेल भागिले ८ चित्रं, म्हणजे दर चित्राला ३०. खुब्याच्या सरळ खाली शून्य मानलं तर पुढचा पाय १ वर ‎+१२०, ३ वर ‎+९०, ५ वर ‎+६०, ७ वर ‎+३०, ९ वर ०, आणि तसाच मागे १७ वर ‎−१२०.

इथे इझ-इन, इझ-आउट, म्हणजे हालचालीच्या टोकांना वेग हळू करणं, लावायचा मोह होतो, कारण बाकी सगळीकडे तेच शिकवलेलं असतं. टेकलेल्या पायाला इझ नसतो. पासिंगच्या आसपास ३० ऐवजी १८ पिक्सेल गेले की पाय बर्फावर असल्यासारखा पुढे सरकताना दिसतो. हवेतल्या पायाला ही सक्ती नाही. तो ‎−१२० च्या मागून निघून पुढे झेपावतो, त्याचं अंतर असमानच असतं.

मोजायचं कुठून, यातही गोची आहे. पाऊल सपाट असेपर्यंत घोटा मोजला तरी चालतं. टाच उचलायला लागली (आपल्या उदाहरणात १३ च्या सुमारास) की घोटा वर आणि थोडा पुढे जातो. तेव्हा घोट्यावरून मोजणारा माणूस चवडाच मागे ओढून बसतो. टाच उठल्यावर ३० चा हिशेब चवड्यावरून करायचा. कॉन्टॅक्टनंतर मागच्या पायाचा चवडा लगेच सुटतही नाही. १९ व्या फ्रेमच्या चित्रात पुढचं पाऊल सपाट होत असताना मागचा चवडा अजून जमिनीला लागून असतो आणि २१ च्या डाउनपर्यंत सुटतो. दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा हा क्षण गाळला तर चाल धावण्याकडे झुकते.

तपासणी सोपी आहे. वेगळ्या लेयरवर जमिनीच्या रेषेवर दर ३० पिक्सेलला एक खूण करा, बाकी सगळे लेयर बंद करा आणि ओनियन स्किनमध्ये, म्हणजे मागचीपुढची चित्रं पुसट दाखवणाऱ्या सोयीत, एकाच पायाची आठ चित्रं एकदम पाहा. क्रिता असो वा ओपनटून्झ, दोन्हीत हे होतं. चवडा खुणेवर नसेल तर चूक लगेच कळते.

पाय बरोबर असूनही बॅकग्राउंड जोडल्यावर थरथरतो, असंही होतं. पात्र ऑन टूज आणि पॅन, म्हणजे बॅकग्राउंडचं सरकणं, ऑन वन्स ठेवल्यामुळे हे घडतं. जमीन दर फ्रेमला १५ पिक्सेल सरकते, पाय मात्र एक फ्रेम थांबून एकदम ३० जातो. म्हणजे एकाआड एक फ्रेमला पाय जमिनीपासून १५ पिक्सेल ढळलेला असतो. पाय ज्या लेयरवर उभा आहे तेवढा तरी ऑन टूज, ३० पिक्सेलने सरकवा. मागचे डोंगर, झाडं वेगळ्या वेगाने गेली तरी फरक पडत नाही. जमिनीचे धक्के डोळ्याला खुपत असतील तर पात्रच ऑन वन्स करावं लागतं. तिसरा इलाज नाही.

गुडघा उडतो

कॉन्टॅक्टच्या पोझमध्ये पुढचा पाय काठीसारखा सरळ काढायची सवय असते. चित्र म्हणून तो छान दिसतो. त्यापुढच्याच चित्रात गुडघा फटकन पुढे उडतो आणि दोष इनबिटवीनला दिला जातो. खरं कारण भूमितीत आहे.

घोटा १२० पिक्सेल पुढे आणि पाय पूर्ण ३०० लांब असेल, तर खुबा घोट्याच्या रेषेपासून सुमारे २७५ वर येतो. गुडघ्याची वाकण शून्य. पुढच्या, म्हणजे ३ च्या चित्रात खुबा २६५ वर आणि घोटा ९० पुढे असला की खुबा ते घोटा अंतर २८० उरतं. अंतर फक्त २० पिक्सेलने कमी झालं, पण गुडघा मधल्या रेषेपासून तब्बल ५४ पिक्सेल पुढे येतो. पाय सरळ होण्याच्या शेवटच्या काही पिक्सेलमध्ये गुडघा सगळ्यात जास्त धावतो, ही यातली मेख.

त्यामुळे कॉन्टॅक्टला अंतर ३०० ऐवजी २९६ ठेवा. खुबा फक्त चार पिक्सेलने उतरून २७१ वर येतो आणि गुडघा आधीच २४ पिक्सेल वाकलेला असतो. आता तो २४ वरून ५४ वर आणि डाउनला ६७ वर जातो. झटका गेला. पाय बघणाऱ्याला सरळच वाटतो. बोन लावलेल्या कट-आउट पात्रातही हाच रोग असतो: घोट्याचा कंट्रोल पायाच्या लांबीबाहेर गेला की पाय ताठ होतो आणि परत येताना गुडघा उसळतो. तिथेही खुबा थोडा उतरवणं हाच उपाय.

दुसरी चूक हाताने इनबिटवीन काढताना होते. दोन चित्रांतल्या रेषांच्या बरोबर मध्ये रेष ओढली की मांडी आखूड होते, कारण गुडघा कमानीत फिरतो आणि रेषांचा मध्य त्या कमानीच्या आत पडतो. हवेतल्या पायाच्या पासिंग ते कॉन्टॅक्ट या टप्प्यात हे सर्वांत जास्त दिसतं. क्रम उलटा ठेवा: आधी खुबा, मग पाऊल, आणि गुडघा शेवटी. खुब्यापासून १५० आणि घोट्यापासून १५० अशा दोन कमानी काढल्या की त्या जिथे छेदतात तिथे, पुढच्या बाजूला, गुडघा. कागदावर काम करत असाल तर १५० ची खूण केलेली कागदाची पट्टी पुरते.

अंग तरंगतं, वजन नाही

खुब्याच्या उंचीचे आकडे लिहून ठेवल्याशिवाय वजनाचा दोष सापडत नाही. आपल्या पात्राची साधी, निरोगी चाल अशी आहे: कॉन्टॅक्ट २७१, मग २६५, डाउन २६२, मग २६८, पासिंग २८१, मग २८७, अप २९०, मग २८३ आणि पुन्हा कॉन्टॅक्ट २७१.

यातली इनबिटवीन्स नीट बघा. डाउन २६२ आणि पासिंग २८१ यांचा मध्य २७१.५ येतो, पण ७ चं चित्र २६८ वर आहे, म्हणजे डाउनकडे झुकलेलं. अप आणि कॉन्टॅक्टचा मध्य २८०.५, पण १५ चं चित्र २८३ वर, अपकडे झुकलेलं. शरीर खाली आणि वर टोकाशी रेंगाळतं आणि मधून पटकन जातं. सगळी इनबिटवीन्स बरोबर मध्यावर टाकली तर खुबा एकसुरी वरखाली होतो आणि माणूस पाण्यात चालतोय असं वाटतं.

वजनदार पात्र करायचं म्हटलं की बरेचजण वरखालीचं अंतरच वाढवतात, तेही दोन्ही बाजूंना. अप ३०० वर, डाउन २५० वर. त्यातून पात्र जड होत नाही, उड्या मारत चालतं. जडपणा खाली राहण्यात आहे. धान्याचं पोतं पाठीवर घेतलेला हमाल वर उसळत नाही. त्याच चालीचे आकडे बदलून बघा: २७१, २६०, २५२, २५४, २६७, २७९, २८४, २८०, २७१. डाउन दहा पिक्सेलने खोल गेला, अप सहा पिक्सेलने उतरला. पण खरं काम ७ च्या चित्राने केलं: तिथे खुबा जेमतेम दोन पिक्सेल उठला आहे. आधी वजन पेललं जातं, मगच पाय ते वर ढकलतो. पासिंगलाही पाय साध्या चालीपेक्षा स्पष्ट वाकलेला राहतो. एवढं करूनही हलकं वाटलं तर आकडे वाढवू नका. पावलाला १६ ऐवजी २४ फ्रेम देऊन पाहा आणि पायाचं अंतर २४० भागिले १२ असं नव्याने मांडा. पॅनही त्याच हिशेबाने बदलायचा, हे विसरलं जातं.

लूपमध्ये गचका, किंवा पात्र लंगडतं

३३ वी फ्रेम म्हणजे पुन्हा १ लीच. ती गाइड म्हणून ठेवा, पण एक्सपोज करू नका, म्हणजे लूपमध्ये दाखवू नका. शेवटचं चित्र ३१ वर, ३२ पर्यंत टिकणारं. ३३ चुकून एक्सपोज झाली तर तीच पोझ लागोपाठ दोनदा, चार फ्रेम दिसते. हा गचका दोन पावलांत एकदाच येतो. गचका प्रत्येक पावलाला येत असेल तर लूप निर्दोष आहे, १ आणि १७ या कॉन्टॅक्टच्या आसपासची खुब्याची उंची तपासा.

लंगडण्याचं कारण बहुतेक वेळा दुसरं पाऊल वेगळं काढलेलं असणं हेच असतं. १ ते १५ चे खुब्याचे आकडे १७ ते ३१ ला जसेच्या तसे लावा, फक्त पायांची अदलाबदल करा. पलीकडच्या पायाची जमिनीची रेष चार-सहा पिक्सेल वर घेतली तर खोली दिसते. पण तेवढ्यासाठी खुबा वर उचलला की संपलं, पात्र एका पायाने आखूड झालं. पलीकडचा पाय सुरुवातीपासून वेगळ्या रंगाने काढा, नाहीतर पासिंगला दोन पायांची गल्लत होते.

एवढं बसलं की हात. ते पायांच्या उलटे जातात, आणि त्यांचा झोका सर्वांत रुंद कॉन्टॅक्टला नसून डाउनला, ५ आणि २१ वर ठेवा. कॉन्टॅक्टलाच तो संपवला तर हात आणि पाय एकदम थांबतात आणि चाल कवायतीसारखी दिसते.