लंडनमध्ये एकच कार्ड, पण दोन अपूर्ण प्रवास

लंडनच्या भुयारी रेल्वेत शिरताना प्लास्टिकचे बँक कार्ड टेकवले आणि उतरताना तेच कार्ड भरलेला फोन टेकवला, तर खाते एक असूनही यंत्रणेच्या लेखी ती दोन वेगळी साधने ठरतात, कारण फोनमधील कार्डाचा क्रमांक निराळा असतो. परिणामी एका प्रवासाचे दोन अपूर्ण प्रवास होतात आणि दोन्हींवर कमाल भाडे लागू शकते. पहाटे 4.30 पासून दुसऱ्या दिवशीच्या 4.29 पर्यंत मोजली जाणारी दैनिक भाडेमर्यादाही प्रत्येक साधनाची स्वतंत्र असते. शिवाय अपूर्ण प्रवासाचे कमाल भाडे त्या मर्यादेत धरले जात नाही. म्हणून दिवसभर एकच साधन वापरावे. बसमध्ये मात्र फक्त चढतानाच टेकवायचे असते.

बँकेच्या नोंदीत सहसा दिवसाची एकत्रित रक्कमच दिसते, त्यामुळे चूक तिथे शोधणे व्यर्थ आहे. ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’च्या संकेतस्थळावरील खात्यात कार्ड नोंदवून प्रवासांची यादी पाहावी, अपूर्ण प्रवास निवडून उतरल्याचे स्थानक कळवावे आणि परतावा मागावा, यासाठी 8 आठवड्यांची मुदत असते. बँकेकडे तक्रार त्यानंतरच करावी.