एसी पूर्ण बंद, डिस्प्लेही नाही: ‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात पुण्यात वळवाचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू होतात. लाईट गेली, आली, आणि एसी गप्प. परवा धायरीच्या एका काकूंचा असाच फोन. दीड टनाचा साधा स्प्लिट, इन्व्हर्टर नव्हे. आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकने कव्हर न उघडताच "पीसीबी गेला" असं सांगून ठेवलं होतं.

डिस्प्ले नाही म्हणजे बोर्ड गेला, ही पहिली चूक. आधी खात्री करा की एसी खरंच मेलाय. बऱ्याच रिमोटवर डिस्प्लेचा लाईट बंद करायचं बटण असतं, मुलांनी ते दाबलेलं असतं. पुढचं पॅनल उचला, आतलं छोटं बटण दाबा. बीप नाही, पाती हलत नाही, तर मग सप्लाय शोधायचा.

एमसीबी नुसता बघू नका. ट्रिप झालेला खटका कधीकधी अर्ध्यावर अडकतो आणि लांबून चालूच वाटतो. पूर्ण खाली ओढा, मग वर करा. लगेच पुन्हा पडला तर तिथेच थांबा. कुठेतरी शॉर्ट किंवा लीकेज आहे, परत परत वर करून ते जाणार नाही. स्टॅबिलायझर असेल तर लाईट आल्यावर तो काही मिनिटं मुद्दाम सप्लाय रोखून धरतो, तेवढी वाट बघा.

सॉकेटपाशी माणसं सगळ्यात जास्त फसतात ती टेस्टरमुळे. काकूंच्या मुलानेही टेस्टर लावून "फेज येतोय की" म्हणून सांगितलं. पण टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटलेला असला तरी तो आनंदाने पेटतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजा, साधारण २३० यायला हवेत. त्याच सॉकेटवर टेस्ट लॅम्पही लावून बघा, कारण सैल जोडणीतून मीटरला व्होल्ट दिसतात आणि लोड पडला की गायब होतात. प्लगची एखादी पिन काळवंडली असेल किंवा प्लास्टिक वितळलं असेल, तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना नव्यालाही जाळतो.

घरच्या माणसाने इथपर्यंतच यावं. पुढचं काम एमसीबी पाडून, प्लग काढून.

धायरीला सॉकेटवर २३२ व्होल्ट होते. इनडोअरच्या टर्मिनलवरही तेवढेच. (काही मॉडेलमध्ये, विशेषतः इन्व्हर्टरमध्ये, सप्लाय आधी आउटडोअरला जातो आणि तिथून आत येतो. तिथे आतला बोर्ड तपासत बसण्यात अर्थ नाही, आधी बाहेरचं टर्मिनल बघा.) सप्लाय बंद करून बोर्डावरचा फ्यूज काढला. काचेची नळी आतून आरशासारखी काळी झालेली. तार नुसती मधे तुटलेली असती तर फ्यूज जुना होऊन गेला असं मानता आलं असतं. काळी काच म्हणजे एका झटक्यात मोठा करंट गेला, शॉर्ट अजून बोर्डावर असू शकतो.

फ्यूजच्या मागेच फेज-न्यूट्रलमध्ये बसवलेली निळी चकती, म्हणजे व्हॅरिस्टर, कडेला तडकली होती. मीटरवर रेझिस्टन्स जवळजवळ शून्य. व्होल्टेज उसळलं की ही स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडवते आणि पुढचा बोर्ड वाचवते. हे न बघता नुसता नवा फ्यूज घातला असता तर तोही त्याच क्षणी गेला असता.

त्याहून वाईट चूक म्हणजे फ्यूजच्या जागी तार गुंडाळणं, किंवा "एसी एवढा मोठा, तीन अँपिअर कसं पुरेल?" म्हणून दहाचा घालणं. अशा साध्या स्प्लिटमध्ये कॉम्प्रेसरचा करंट रिलेतून जातो, या फ्यूजमधून नाही. फ्यूज फक्त बोर्ड आणि पंख्यासारख्या बारीकसारीक गोष्टींसाठी, म्हणून त्यावर ३.१५ अँपिअर, २५० व्होल्ट छापलेलं असतं. तार घातली की फ्यूजऐवजी बोर्डाचा ट्रॅक जळतो.

तापकीर गल्लीतून तसाच स्लो-ब्लो फ्यूज आणि ४७१ छापलेला, त्याच आकाराचा व्हॅरिस्टर आणला. ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट. व्हॅरिस्टर झाळला, पण फ्यूज लगेच नाही घातला. त्याच्या जागी ६० वॅटचा पिवळा बल्ब जोडून लांबून सप्लाय दिला. बल्ब पूर्ण पेटून राहिला असता तर शॉर्ट शिल्लक होता. तो क्षणभर लुकलुकला आणि विझला, वर बीप ऐकू आली. मग सप्लाय काढून फ्यूज बसवला.

फ्यूज आणि व्हॅरिस्टर दोन्ही शाबूत, बोर्डाला २३० मिळतायत आणि तरी बीप नाही, तर बोर्डावरचा १२ किंवा ५ व्होल्टचा सप्लाय गेलाय. तेव्हा बोर्ड काढून रिपेअरवाल्याकडे द्यायचा.