घड्याळातले १६०० आणि जमिनीवरचे १६००

पोलीस भरतीची तयारी करणारा गावातला एक पोट्टा मागच्या हिवाळ्यात तोंड पाडून माझ्याकडे आला. "भाऊ, घड्याळात त रोज ५:१२ येते, मंग मोजलेल्या ग्राउंडवर ५:२० कसे लागले?" कॅनॉलच्या रस्त्यावर तो जीपीएसच्या घड्याळात १.६० किलोमीटर दिसलं की थांबायचा. त्याला म्हटलं, तू १६०० मीटर पळतच नव्हता. तुमचंही असंच होत असेल, तर घड्याळ किती फुगवतं ते आधी काढा.

सरळ रस्त्यावर ८०० मीटर मोजा. मोटारसायकलच्या मीटरवर मोजा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्यातला शेवटचा आकडाच १०० मीटरचा असतो, आणि मीटर स्वतःही थोडाफार चुकतो. ५० मीटरचा स्टीलचा टेप घ्या, ताणून धरा, १६ वेळा टाका. कापडी टेप ताणला की वाढतो. टेपची एखादी खेप मोजायची राहून जाणं ही नेहमीची चूक, म्हणून एकाने खिशात १६ खडे ठेवावेत आणि दर टेपला एक टाकावा. परत येताना पुन्हा मोजा. दोन्ही टोकांना फक्कीची रेघ पुरते, पण पुलाच्या दगडावर ऑइल पेंट मारला तर पावसाळ्यातही टिकतो.

आता घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत उभे राहा, रेघेवर बटण दाबा, चार वेळा म्हणजे ३२०० मीटर पळा, रेघेवरच बंद करा. एकाच फेरीवर निकाल काढू नका. स्क्रीनवर १० मीटरच्या खालचं दिसत नाही, आणि ८०० मध्ये १० मीटर म्हणजे सव्वा टक्का झाला.

खरी गोची इथून पुढे आहे, आणि मी इथे एक अख्खा हंगाम वाया घालवला. जास्त आलेलं अंतर घड्याळाचं की आपल्या पायांचं?

घड्याळाचं असं होतं. ते दर सेकंदाला तुमची जागा टिपतं आणि ठिपके जोडून अंतर काढतं. प्रत्येक ठिपका थोडा इकडेतिकडे पडतो. पुढेमागे पडला तर या सेकंदाला जास्त भरलेलं पुढच्या सेकंदाला कमी होऊन जातं. बाजूला पडला तर मात्र रेघ वाकडी होते, आणि वाकडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असते. समजा सेकंदाला तुम्ही ५ मीटर गेलात आणि पुढचा ठिपका १ मीटर बाजूला पडला, तर घड्याळ ५.१० मोजतं. दोन टक्के तिथेच वाढले. घड्याळ आतून ही रेघ थोडी सपाट करतं, पण सगळी नाही. गर्द कडुनिंबाखाली ती आणखी वाकडी होते. हळू चालताना तेवढाच बाजूचा मीटर कमी अंतरावर पडतो, म्हणून टक्का वाढतो. चालून काढलेला आकडा पळण्याला लावू नका.

पायांचं वेगळं. शर्यतीचा मार्ग मोजतात तो वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, सगळ्यात जवळच्या वाटेने. काटकोनी वळणावर त्या रेषेपासून ३ मीटर बाहेरून गेलात की जवळजवळ ५ मीटर जास्त पळता. ४०० मीटरच्या ट्रॅकवर दुसऱ्या लेनमध्ये दर फेरीला सुमारे ७ मीटर वाढतात, चार फेऱ्यांत २८. हे खरंच पळलेलं अंतर आहे, त्याला घड्याळ काय करणार? मी मात्र वळणाच्या पांदणीवर चाचणी करायचो आणि सगळा दोष घड्याळाला द्यायचो. म्हणून रस्ता सरळच हवा.

आमच्या रस्त्यावर तीन वेगवेगळ्या दिवशी ३.२६, ३.३० आणि ३.२८ आले. सरासरी ३.२८, म्हणजे अडीच टक्के जास्त. दिवस वेगळे घ्या, कारण आकाशातल्या उपग्रहांची मांडणी बदलत राहते.

आता त्या पोट्ट्याचा हिशोब. घड्याळात १.६० दिसेपर्यंत तो जमिनीवर १५६१ मीटरच गेला होता. उरलेल्या ३९ मीटरला त्याच वेगाने ८ सेकंद लागतात, म्हणून ५:२०. त्याचा खरा पेस किलोमीटरला ३:२०, आणि घड्याळ दाखवत होतं ३:१५.

उलटाही हिशोब करा. १६०० मीटर ५:१० मध्ये काढायचे तर खरा पेस ३:१४ हवा. या रस्त्यावर त्यासाठी घड्याळात ३:०९ दिसायला पाहिजे. ३:१४ बघून समाधान मानलंत तर ग्राउंडवर ५:१८ लागतील.

हा अडीच टक्का त्याच रस्त्याचा आणि त्याच घड्याळाचा. शाळेच्या २०० मीटरच्या गोल मैदानावर घड्याळ वळणं कापतं आणि कधी कधी उलट कमीच दाखवतं. तिथे अडीच टक्के वजा केले तर चूक आणखी वाढेल.

त्या पोट्ट्याच्या घड्याळातला अंतराचा रकाना मी बंदच करून टाकला. कॅनॉलवर आता दर ४०० मीटरला खूण आहे, आणि प्रत्येक खुणेपर्यंत साडेसत्त्याहत्तर सेकंद.