नवाकोरा दिसणारा अ‍ॅनोड म्हणजे गडबड

पोलादी बोट पाण्याबाहेर काढली की तळावरचा जस्ताचा अ‍ॅनोड, म्हणजे पोलाद गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा तुकडा, आधी बघा. झिजलेला असेल तर उत्तम, पोलादाऐवजी त्याने झीज सोसली. अर्धा उरला की बदला. वर्षभर समुद्रात राहूनही नवाकोरा दिसला, तर बहुधा शेवाळ-शिंपले रोखणारा रंग मारताना रंगाऱ्याने त्याच्यावरही ब्रश फिरवलाय. (हे फार होतं.) रंग खरवडा आणि मल्टिमीटरने अ‍ॅनोड ते पोलाद रोध मोजा, जवळपास शून्य हवा.

पुणेकरांनो, खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात जस्तावर पांढरट थर चढून त्याचं काम थंडावतं. तिथे मॅग्नेशियम लावा. मात्र तीच बोट मांडव्याला नेणार असाल तर आधी जस्त बसवा, कारण खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम भराभर संपतं.