रॅटाटुई पाहून ओव्हन लावताय? आधी या चुका टाळा

पिक्सारचा ‘रॅटाटुई’ (२००७) पाहिल्यावर दुसऱ्याच दिवशी वांगी, टोमॅटो, झुकिनी घेऊन येणारे लोक माझ्या ओळखीत बरेच आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या ताटात शेवटी तीच गोष्ट येते: वरून कडा करपलेल्या, आत कचकचीत चकत्या आणि खाली आंबट पाण्याचं तळं. मग खापर फुटतं ओव्हनवर. खरं तर ओव्हनपर्यंत पोचायच्या आधीच दोन-तीन गोष्टी बिघडलेल्या असतात.

पहिली गल्लत म्हणजे चित्रपटातली ती चकत्यांची रचना हेच रॅटाटुई, असं समजणं. दक्षिण फ्रान्समध्ये घरोघरी होणारं रॅटाटुई हा वांगं, झुकिनी, सिमला मिरची, कांदा, टोमॅटो यांच्या मोठ्या फोडींचा, ऑलिव्ह तेलात सावकाश शिजवलेला मऊ रस्सा असतो. एका मैत्रिणीच्या सासूबाईंनी तो चाखून “ही तर तुमची फ्रेंच लेकुरवाळी भाजी” असं म्हटलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. चित्रपटात टीकाकार ईगोसमोर येतं ते निराळं आहे. मिशेल गेरार या फ्रेंच शेफने १९७६ मध्ये हलक्या जेवणाचा भाग म्हणून पातळ चकत्यांचा जो प्रकार मांडला, त्यात अमेरिकन शेफ थॉमस केलर यांनी भर घातली: खाली सिमला मिरची-टोमॅटोचा आटवलेला थर आणि वरून तेल-व्हिनेगर फेटून केलेलं थोडं व्हिनेग्रेट. केलर या चित्रपटाचे सल्लागार होते, म्हणून तेच रूप पडद्यावर आलं.

हा फरक संध्याकाळचा बेत ठरवताना कामाला येतो. दमून घरी आलात, बाहेर पाऊस पडतोय आणि काहीतरी गरम, मऊ खायचंय, तर फोडींचा रस्साच करा. कढईत पाऊण तासात होतो आणि भाकरीबरोबरही चालतो. चकत्यांच्या प्रकाराला तयारी धरून चार तास लागतात. चित्रपट साडेनऊला संपला आणि दहाला चिरायला घेतलं, तर जेवण दोनला. चिडचिड पदार्थामुळे होत नाही, या वेळेमुळे होते.

बाजारातच होणारी चूक

चकत्या एकमेकींवर नीट बसायच्या असतील तर सगळ्या भाज्यांचा व्यास जवळपास सारखा हवा. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत भरताचं वांगं दिसायला कितीही देखणं असलं तरी इथे ते नको. लांब, सडपातळ जांभळी वांगी घ्या, साधारण झुकिनीएवढ्या जाडीची. टोमॅटो लांबट आकाराचे, घट्ट, कमी रसाचे हवेत. गावरान टोमॅटो चवीला उत्तम, पण चकतीतून बिया आणि रस निघून जातो आणि हातात नुसती कडी उरते. हिरवी आणि पिवळी झुकिनी परदेशी भाज्या ठेवणाऱ्या गाळ्यांवर मिळते. पिवळी नसली तर दोन हिरव्या घ्या, काही बिघडत नाही. झुकिनीच नसेल तर कोवळा, बारीक दुधी चालवता येतो. काकडी मात्र नको, कारण ती शिजताना फक्त पाणी सोडते.

चकत्या साधारण दीड मिलिमीटरच्या. सुरीने हे बहुतेकांना जमत नाही, आणि जमवायचा हट्टही कशाला? बटाट्याच्या वेफर्सची किसणी काढा. चकती बरोबर झाली हे ओळखायची खूण अशी: ती बोटांत वाकवली तर न तुटता वाकते. तुटली तर जाड आहे. जाड चकती दोन तासांनीही दाताखाली कचकन लागते, आणि तोवर शेजारचा पातळ टोमॅटो विरघळून गेलेला असतो. टोमॅटो मात्र किसणीवर फाटतो, तो धारदार सुरीनेच कापा. थोडा जाड राहिला तरी चालेल, कारण तो लवकर शिजतो.

खालचा थर ओला राहणं

माझ्या मते निम्म्याहून जास्त फसलेल्या थाळ्यांचं मूळ इथे आहे. चित्रपटात हा थर जेमतेम दिसतो, त्यामुळे लोक त्याला पिझ्झाच्या सॉससारखा समजतात आणि बाजारातली टोमॅटो प्युरी पसरून मोकळे होतात.

केलर यांच्या पद्धतीत लाल, पिवळी आणि केशरी सिमला मिरची प्रत्येकी अर्धी घेतात. बिया काढून, कापलेली बाजू खाली ठेवून, २३० अंश सेल्सिअसला सुमारे पंधरा मिनिटं भाजतात, म्हणजे साल सुटतं. मग साल काढून बारीक चिरतात. दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेलात अर्धी वाटी बारीक कांदा आणि एक लहान चमचा लसूण मंद आचेवर मऊ करतात, पण लाल होऊ देत नाहीत. त्यात सोललेले, बिया काढलेले तीन टोमॅटो, थाइमची काडी, तमालपत्र घालून आटवतात आणि शेवटी मिरची मिसळतात.

आपल्याकडे दोन ठिकाणी घात होतो. एक, मिरची गॅसच्या जाळीवर भाजली जाते. साल सुटतं, पण धुराचा वास येतो आणि थर भरताच्या चवीचा होतो. वाईट लागत नाही, फक्त वरच्या नाजूक चकत्यांना तो पुरून उरतो. दोन, आटवणं अर्धवट सोडलं जातं. पाककृतीत दहा मिनिटं लिहिलंय म्हणून दहाव्या मिनिटाला गॅस बंद. टोमॅटो रसाळ असले तर याला वीस-पंचवीस मिनिटंही लागतात. घड्याळ सोडा आणि उलथण्याने कढईच्या तळावर रेघ ओढा. रेघ मोकळी राहिली, तिच्यात पाणी धावून आलं नाही, तर झालं. लगेच पाणी भरलं तर अजून आटवा. यातला एक मोठा चमचा वरच्या व्हिनेग्रेटसाठी बाजूला काढायचा असतो, तोही लोक विसरतात.

आणि हो, हळद-तिखट-गरम मसाला इथे घालू नका. एरवी मी मसाल्याच्या विरोधात नाही, पण या थराची गोडी सिमला मिरचीची असते आणि गरम मसाल्यापुढे ती टिकत नाही.

ओव्हनमध्ये काय चुकतं

तापमान १३५ अंश सेल्सिअस. एवढ्या कमी आचेवर काय होणार, असं वाटून लोक १८० वर लावतात, आणि करपलेल्या कडा तिथूनच येतात. चकत्या भाजायच्या नसतात, स्वतःच्या ओलाव्यात हळूहळू मऊ करायच्या असतात. थर पसरून त्यावर चकत्या बाहेरून आत, अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरच्या कडा दिसतील अशा रचायच्या. वर तेल, लसूण, थाइम, मीठ, मिरपूड. मग बटर पेपर भांड्याच्या आकारात कापून थेट चकत्यांना टेकवून ठेवायचा. तो टेकलेला नसेल तर मधल्या जागेत वाफ फिरते आणि वरची चकती सुकते. अशी दोन तास झाकून, मग कागद काढून अर्धा तास.

घरच्या छोट्या ओटीजीची अडचण वेगळी आहे. वरची तापणारी दांडी भांड्यापासून चार बोटांवर असते आणि खुंटीवरचा आकडा दर वेळी खरा नसतो. जाळी खालच्या खाचेत ठेवा, आणि वरची दांडी वेगळी बंद करता येत असेल तर पहिले दोन तास बंदच ठेवा. ती बंद होत नसेल तर बटर पेपरच्या वर भांड्याला अॅल्युमिनियम फॉइल लावा. अर्ध्या तासाने एकदा डोकवा: कागदाच्या कडेला तपकिरी रंग दिसू लागला असेल तर आकडा वीस अंशांनी खाली आणा.

शिजलं की नाही हे वांग्यावरून ठरवा, टोमॅटोवरून नाही. सुरीचं टोक वांग्याच्या आणि झुकिनीच्या चकत्यांतून अडथळ्याशिवाय गेलं पाहिजे. अडलं तर कागद परत ठेवून आणखी वीस मिनिटं. उघडून आच वाढवायची घाई करू नका, त्याने कड लाल होते आणि मधला भाग तसाच राहतो.

समजा, कागद काढल्यावर तळाशी पाणी दिसलंच. भांडं लोखंडी किंवा स्टीलचं असेल तर ते मध्यम गॅसवर ठेवून पाणी आटवता येतं. काचेचं असेल तर हे कधीही करू नका, ओव्हनला चालणारी काच गॅसच्या ज्योतीवर तडकते. त्याऐवजी भांडं किंचित कलतं करून पाणी चमच्याने कढल्यात घ्या, तिथे आटवून चमचाभर दाट रस झाला की परत वरून सोडा. ही चव फेकून द्यायची नसते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पसरट भांड्यात, खाली तवा ठेवून, झाकणाखाली अगदी मंद आचेवर तासाभरात चकत्या मऊ होतात. मात्र कडेचा किंचित सुकलेला, गोडसर भाग गॅसवर मिळत नाही, ही त्या पद्धतीची मर्यादा आहे.

चित्रपट आणि पदार्थ एकाच रात्री

हा प्रकार आदल्या दिवशी करून ठेवता येतो, फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो, आणि माझ्या जिभेला दुसऱ्या दिवशी जास्त आवडतो. म्हणून शनिवारी दुपारी चार वाजता चिरायला घ्या. साडेपाचपर्यंत रचून ओव्हनमध्ये, आठला बाहेर. गार करून झाकून ठेवा. रविवारी चित्रपटाच्या आधी १७५ अंशांवर गरम करा. बाजूला काढलेला चमचाभर थर, एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल, लहान चमचाभर बाल्सामिक व्हिनेगर, मीठ आणि थाइम फेटून ताटलीत कडेने सोडा. पुण्यात बेत गुरुवारचा मात्र करू नका. दुरुस्तीसाठी वीज जायचा वार तोच, आणि अर्धवट शिजलेल्या चकत्या मधेच गार होऊन परत तापल्या की काळ्या पडतात.

आणि ज्या रात्री यातलं काहीही नको वाटतं, त्या रात्री ‘बिग नाइट’ (१९९६) लावा. त्यात शेवटी दोन भावांपैकी एक स्वयंपाकघरात अंडी फोडून साधं ऑम्लेट करतो आणि कॅमेरा जवळजवळ न हलता ते पूर्ण होईपर्यंत पाहत राहतो. म्हणजे पडद्यावर जेवढा वेळ लागतो, तेवढाच तुम्हालाही लागेल. तेल बऱ्यापैकी तापलं की अंडी घाला, कडा जमू लागल्या की आत ओढत राहा, आणि वर थोडं ओलसर दिसतंय तोवरच गॅस बंद करा.